महूहून इंदूरला येईपर्यंत शिगेला का मरतो: शौचाचा नमुना, कॅरी-ब्लेअर आणि उशिराचा हिशेब

मे महिन्यातली गोष्ट. महूच्या आमच्या कलेक्शन सेंटरवरून पाच वर्षांच्या मुलाचा शौचाचा नमुना आला. रक्त आणि आव, दोन दिवसांचा ताप. स्लाइडवर पू-पेशींचा खच आणि लाल पेशी भरपूर. दुसऱ्या दिवशी मॅकॉन्की प्लेट उघडली तर सगळीकडे गुलाबी, लॅक्टोज फोडणाऱ्या कॉलन्यांची सतरंजी. रक्ती आव करणाऱ्या शिगेला जंतूची असते तशी बिनरंगी कॉलनी एकही नाही. रिपोर्ट गेला: रोगकारक जंतू उगवले नाहीत. डॉक्टरांनी आव अमीबाची असेल म्हणून मेट्रोनिडाझोल चालू केलं. तिसऱ्या दिवशी मूल तसंच कण्हत होतं आणि त्याचे वडील काउंटरवर उभे राहून विचारत होते, "अहो मॅडम, रिपोर्ट नॉर्मल आहे तर रक्त का पडतंय?"

मी फॉर्म काढून वेळा पाहिल्या. मुलाला शौचाला झालं सकाळी 8:40 ला. डबी सेंटरवर आली 9:15 ला. तिथे ती काउंटरवर इतर नमुन्यांसोबत थांबली, कारण गाडीवाला 12:30 ला येतो. लॅबमध्ये पोहोचली 2:10 ला. आणि आम्ही ती प्लेटवर घेतली 4:00 वाजता, कारण कल्चरचं काम आम्ही दुपारी एकत्र करत होतो. एकूण 7 तास 20 मिनिटं. त्यातली घरची 35 मिनिटं, सेंटरची 3 तास 15 मिनिटं, रस्त्याची 1 तास 40 मिनिटं, आणि आमच्या स्वतःच्या टेबलावरची 1 तास 50 मिनिटं. हा शेवटचा आकडा पाहून मला मुलाच्या वडिलांकडे बघवेना. वाटेतल्या राऊच्या ट्रॅफिकला शिव्या घालायची आपल्याला सवय आहे, पण इथे जॅममध्ये नमुना जेवढा अडकला त्याहून जास्त वेळ तो आमच्याच ट्रेमध्ये पडून होता.

मुलाकडून पुन्हा नमुना घेतला. यावेळी कसा घेतला आणि काय निघालं ते पुढे येईलच. आधी त्या सात तासांत डबीच्या आत काय झालं ते बघू. ते कळलं नाही तर पुढच्या पायऱ्या पाठ होतील, पण पहिल्या गर्दीच्या दिवशी विसरल्या जातील.

डबीत काय चालतं

शौचाची डबी म्हणजे जिवंत गर्दी. आतड्यातून बाहेर पडली तरी जंतूंचं काम थांबत नाही. मेच्या उन्हात सेंटरची खोली 35 अंशांच्या वर असते, म्हणजे जवळजवळ इन्क्युबेटरच. ई. कोलाय आणि त्याचे भाईबंद उरलेली साखर फोडत राहतात, आम्ल तयार होतं, आणि शौचाचं पीएच खाली येऊ लागतं. आतड्यातले नेहमीचे रहिवासी या आम्लात निभावून नेतात. शिगेला मात्र अशा वातावरणात लवकर मरतो. गंमत अशी, की जठरातल्या आम्लातून तो सहज पार होतो, म्हणूनच थोडेसे जंतू पोटात गेले तरी आजार होतो. पण डबीतलं आंबट वातावरण, वाढणारी गर्दी आणि बदलतं तापमान त्याला झेपत नाही. माध्यमाशिवाय ठेवलेलं शौच दोन तासांच्या आत प्लेटवर गेलं पाहिजे असा जो नियम आहे, त्याच्या मुळाशी मुख्यतः हाच जंतू आहे.

उशिराने प्लेट रिकामी राहिली असती तर बरं झालं असतं, कोणीही ओळखलं असतं. प्लेट मात्र भरलेली येते, फक्त चुकीच्या जंतूंनी. समजा, ताज्या शौचात दर वीस ई. कोलायमागे एक शिगेला आहे. स्ट्रीक केलेल्या मॅकॉन्कीवर सुट्या कॉलन्या साधारण दोनशे मिळतात, त्यात दहाएक बिनरंगी दिसतील. निवडायला पुष्कळ झाल्या. आता याच डबीत ई. कोलाय चार वेळा दुप्पट झाला, म्हणजे सोळापट, आणि शिगेला मरत मरत एक दशांश उरला असं धरू. प्रमाण 160 पटींनी बिघडलं, वीसाला एक होतं ते 3,200 ला एक झालं. दोनशे कॉलन्यांत एकही दिसण्याची शक्यता जवळपास नाही. प्रत्यक्षात किती पिढ्या होतात ते नमुन्यावर, उन्हावर आणि शौच पातळ आहे की घट्ट यावर ठरतं. हे आकडे मी हिशेबासाठी धरले आहेत. पण दिशा हीच असते.

दुसरी अडचण अशी, की साल्मोनेला थोडा उरला असेल तर सेलेनाइट ब्रॉथमध्ये टाकून त्याला वर काढता येतं. कॉलरासाठी अल्कलाइन पेप्टोन वॉटर आहे. शिगेलासाठी असा भरवशाचा वाढवणारा ब्रॉथ नाही. म्हणजे रस्त्यात जो हरवला तो लॅबमध्ये परत मिळत नाही. उशिराने आलेल्या नमुन्यांतून लॅबला साल्मोनेला सापडत राहतो, शिगेला सापडत नाही, आणि काही वर्षांनी आपणच म्हणायला लागतो, "आपल्याकडे शिगेला फारसा नाही बुवा."

कॅरी-ब्लेअर काय करतं, काय करत नाही

नमुना लॅबपर्यंत नेण्यासाठीचं हे माध्यम कॅरी आणि ब्लेअर यांनी 1964 मध्ये मांडलं. त्याआधी स्टुअर्टचं माध्यम चालायचं, त्यात ग्लिसरोफॉस्फेट असे. काही कोलिफॉर्म ते खाऊन त्याच माध्यमात वाढत. म्हणून कॅरी-ब्लेअरमध्ये त्याऐवजी साधा फॉस्फेट बफर आला. आपल्या कामाच्या तीन गोष्टी त्यात आहेत. खायला जवळपास काही नाही, म्हणून कोणी वाढत नाही. पीएच 8.4, म्हणजे अल्कलीकडे झुकलेलं, म्हणून थोडं आम्ल तयार झालं तरी ते गिळलं जातं. आणि सोडियम थायोग्लायकोलेट व थोडं अगार, त्यामुळे आत ऑक्सिजन कमी राहतो, माध्यम लापशीसारखं असतं आणि स्वॅब हलत नाही.

याचा अर्थ कॅरी-ब्लेअर जंतूंना वाढवत नाही, फक्त जिथे आहेत तिथे थांबवून धरतं. म्हणूनच "कॅरी-ब्लेअर संपलं होतं, न्यूट्रियंट ब्रॉथमध्ये टाकून पाठवलं" हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. ब्रॉथ म्हणजे ई. कोलायसाठी घातलेली पंगत. साध्या सलाइनमध्ये टाकणं त्यापेक्षा जरा कमी वाईट, पण त्यातही बफर नाही. एकदा आमच्याकडे नव्या मुलीने आलेल्या कॅरी-ब्लेअरच्या बाटल्या रात्रभर इन्क्युबेटरमध्ये ठेवल्या, "कल्चरच आहे ना मॅडम" म्हणून. तिची चूक नव्हती, तिला कोणी सांगितलं नव्हतं.

तयार बाटल्या बाजारात मिळतात. पावडरपासून करायचं असेल तर अगार विरघळेपर्यंत गरम करायचं, 50 अंशांपर्यंत थंड करायचं, दर लिटरला 1 टक्का कॅल्शियम क्लोराइडचं 9 मिलिलिटर द्रावण घालायचं, पीएच 8.4 वर आणायचं. बाटलीत खोली 4 ते 5 सेंटिमीटर येईल इतकं भरायचं आणि 15 मिनिटं वाफेवर ठेवायचं. ऑटोक्लेव्ह करायचं नाही. झाकण घट्ट लावून थंड, अंधाऱ्या जागी ठेवलेली बाटली वर्षभर चालते, अट एवढीच की माध्यम आटलेलं, गढूळ किंवा रंग बदललेलं नको. अगार काचेपासून सुटून आत आक्रसलेला दिसला तर ती बाटली फेकायची. इंदूरच्या उन्हाळ्यात झाकण सैल राहिलेल्या बाटलीची ही गत फार लवकर होते.

नमुना घेताना

आता त्याच मुलाचा दुसरा नमुना. तो सेंटरवरच बसला होता, 9:05 ला शौचाला झालं. रुंद तोंडाच्या कोरड्या, स्वच्छ डबीत घेतलं. बेडपॅनमध्ये किंवा बादलीत फिनाइलचा अंश राहिला तर तो प्लेटिंगच्या आधीच जंतू मारतो, म्हणून डबीच वापरायची, आणि लघवी मिसळू द्यायची नाही. हे आईला हळू आवाजात, एकेक करून सांगावं लागतं. घाईत सांगितलं तर ती मान डोलावते आणि घरी करते ते मनाचंच.

डबीत कुठून उचलायचं हे नीट बघा. घट्ट भागातून नाही. स्वॅब जिथे आव आहे, रक्ताचा धागा आहे तिथे फिरवायचा. शिगेला आतड्याच्या अस्तरात शिरतो, आणि तिथून सुटलेल्या पेशी आणि आव यांच्यातच तो जास्त असतो. त्या मुलाच्या डबीत पांढुरक्या आवेचा चिकट लोंबता गोळा होता, त्यावर रक्ताची बारीक रेघ. स्वॅब त्यावर दोनदा फिरवला. कापसाच्या स्वॅबपेक्षा रेयॉन किंवा पॉलिएस्टरचा बरा, कारण कापसातले स्निग्ध पदार्थ नाजूक जंतूंना बाधतात.

डबी मिळालीच नाही तर गुदद्वारातून स्वॅब घ्यायचा. स्वॅब माध्यमातच ओला करून मुलाच्या बाबतीत दोनेक सेंटिमीटर, मोठ्यांत थोडा अधिक आत घालायचा आणि फिरवून काढायचा. काढल्यावर त्यावर शौचाचा रंग दिसलाच पाहिजे. पांढरा निघालेला स्वॅब पाठवण्यात अर्थ नाही.

स्वॅब बाटलीत तळापर्यंत घालायचा, वरची काडी तोडायची, झाकण घट्ट लावायचं. वर तरंगत ठेवलेला स्वॅब हवेत सुकतो आणि माध्यम खाली बिनकामाचं राहतं. आणि चमचाभर शौच बाटलीत कोंबायचं नाही. बफरची ताकद ठरलेली असते, जास्त शौच टाकलं की पीएच पुन्हा खाली येतं. बाटलीवर रेघ असेल तर रेघेपर्यंतच भरायचं.

हे सगळं 9:10 पर्यंत झालं. म्हणजे शौच झाल्यापासून पाच मिनिटांत. तो पहिला नमुना घरून यायला 35 मिनिटं लागली होती, सेंटरवर पोहोचला तेव्हा दोन तासांची मुदत बरीच शिल्लक होती. तिथेच एक स्वॅब बुडवला असता तर दोन दिवस वाचले असते. त्यामुळे सेंटरवरच्या ताईला आता नियम दिलाय: डबी हातात आली की आधी स्वॅब, मग पावती.

एक लक्षात ठेवा, अमीबा बघायचा असेल तर तो या बाटलीतून दिसणार नाही. त्यासाठी ताजं, पातळ शौच अर्ध्या तासाच्या आत स्लाइडवर घ्यायचं. चालणारा अमीबा थंडीत गोल होऊन बसतो. म्हणून डबी वेगळी ठेवा आणि बाटली वेगळी.

थंड किती, कुठे

शिगेलासाठी बाटली लगेच थंड करायची, 4 अंशांच्या आसपास. बाटल्या वापरण्यापूर्वी फ्रीजमध्येच ठेवल्या तर उत्तम. थंडीत कोणी वाढत नाही आणि कॅरी-ब्लेअरमधला नमुना 48 तासांच्या आत प्लेटवर गेला तर चालतो. त्याहून जास्त लागणार असेल तर फ्रीज पुरत नाही, उणे 70 अंशांवर गोठवावा लागतो, आणि ते आमच्यासारख्या लॅबच्या आवाक्याबाहेरचं आहे.

महू ते इंदूर वीस-पंचवीस किलोमीटर, पण मेमध्ये गाडीच्या मागच्या पेटीचं पत्रं तव्यासारखं तापतं. थर्माकोलच्या डब्यात दोन आइस पॅक ठेवायचे, पण डीप फ्रीजरमधून काढल्या काढल्या बाटलीला चिकटवून नाही. नमुना अर्धवट गोठणं आणि वितळणं शिगेलाला नकोच असतं. लसीच्या पथकातल्या ताई पॅक हलवून बघतात, आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला की मगच डब्यात घालतात. तीच रीत इथेही घ्यायची, वर कागदाची घडी. बाटली पारदर्शक पिशवीत, पिशवीत थोडा कापूस, म्हणजे फुटली तर गळती आत राहील.

गाडीवाल्या मुलाला मी हे समजावलं तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, मला सगळं एकाच डब्यात टाकायला सांगितलंय, रक्ताच्या ट्यूबा पण." मी त्याला डब्याच्या आतला थर्मामीटर दाखवला. त्याचं लक्ष एकदम बदललं. आता निघताना आणि पोहोचताना तो स्वतःच आकडा वाचून फॉर्मवर लिहितो.

कॉलराचा संशय असेल तर मात्र उलट करायचं. व्हिब्रिओला थंडी आवडत नाही. तांदळाच्या पेजेसारखे जुलाब असतील तर कॅरी-ब्लेअरची ती बाटली फ्रीजमध्ये न ठेवता खोलीच्या तापमानाला, सावलीत ठेवायची. फक्त 40 अंशांच्या वर जाणार असेल तेव्हाच ती थंड करायची. आपल्याकडे मेमध्ये ती वेळ येते, तेव्हा गाडीच्या डब्यात दूर कोपऱ्यात, पॅकपासून लांब. दोन्हींचा संशय असेल तर दोन बाटल्या. भारतात यासाठी एक जुनं द्रव माध्यमही आहे, वेंकटरामन आणि रामकृष्णन यांनी 1941 मध्ये दिलेलं: दर लिटरला 20 ग्रॅम जाडं समुद्री मीठ, 5 ग्रॅम पेप्टोन, पीएच 8.6 ते 8.8. व्हिब्रिओसाठी झकास, शिगेलासाठी मुळीच नाही. शिगेलासाठी जुनं चांगलं माध्यम म्हणजे बफर केलेलं ग्लिसरॉल सलाइन. त्यात फिनॉल रेड असतं, गुलाबी असेपर्यंत वापरायचं, पिवळं झालं की टाकून द्यायचं. ते व्हिब्रिओला चालत नाही. सगळ्या पाहुण्यांना एकच ताट चालत नाही, तशी ही माध्यमं.

टेबलावर आल्यावर

दुसरा नमुना 1:50 ला आला आणि 2:05 ला प्लेटवर गेला. शौच झाल्यापासून बरोबर पाच तास. हे मुद्दाम सांगतेय, कारण पाच तास काही कमी नाहीत. पहिल्या आणि दुसऱ्या नमुन्यात फरक वेळेचा थोडाच होता, खरा फरक माध्यम आणि थंडी यांचा होता. आता आमच्याकडे नियम आहे: स्टूल कल्चर ज्याच्या हातात येईल त्याने लगेच स्ट्रीक करायचं, दुपारच्या घाऊक कामाची वाट बघायची नाही. पोहे संपले नसतील तर पोहे थांबतील.

आधी मॅकॉन्की, मग एक्सएलडी. म्हणजे जी प्लेट कमी अडवते ती आधी. स्वॅब बाटलीतून काढून प्लेटच्या एका कोपऱ्यात गोल फिरवून चोळायचा, पुढचे तीन भाग लूपने ओढायचे, दर भागाआधी लूप जाळून थंड करून. शेवटच्या भागात कॉलन्या सुट्या आल्या पाहिजेत, नाहीतर त्या दोनशेचा हिशेबच बिघडतो. प्लेट पृष्ठभागावर ओली असेल तर आधी वाळवा. प्लेट 35 ते 37 अंशांवर, 18 ते 24 तास. स्वॅब शेवटी सेलेनाइटमध्ये, साल्मोनेलासाठी.

दुसऱ्या दिवशी मॅकॉन्कीवर गुलाबींच्या मध्ये सहा-सात बारीक, बिनरंगी, पारदर्शक कॉलन्या होत्या. एक्सएलडीवर लाल, मध्ये काळा ठिपका नाही. काळा ठिपका असता तर साल्मोनेलाकडे लक्ष गेलं असतं. टीएसआयच्या नळीत वरचा उतार लाल, तळ पिवळा, गॅस नाही, काळं नाही. हालचाल नाही, युरिएझ निगेटिव्ह. मग गट 'ब' च्या अँटिसीरमने गुठळ्या धरल्या: शिगेला फ्लेक्सनेरी. डॉक्टरांना फोन केला. मेट्रोनिडाझोल या जंतूवर चालत नाही, म्हणून मूल सुधारलं नव्हतं आणि म्हणूनच आमचा दुसरा नमुना औषधामुळे वाया गेला नव्हता. दुसरं एखादं प्रतिजैविक आधीच सुरू झालं असतं तर हीच प्लेट कदाचित पुन्हा सपाट आली असती.

उशीर झालाय हे प्लेट कसं सांगते

फॉर्मवर वेळ खोटी लिहिलेली असते, तेव्हा प्लेटकडून विचारायचं. स्लाइडवर पू-पेशी आणि लाल पेशी भरपूर, प्लेटवर फक्त गुलाबी गर्दी, ही जोडी आली की माझा पहिला प्रश्न असतो: केव्हा घेतला, कशात घेतला? सतरंजीसारखी वाढ, प्रोटिअसची लाट, डबीला आंबट वास आणि बुडबुडे, हे उशिराचे ठसे. स्लाइड आणि प्लेट एकमेकांशी भांडत असतील, तर मी स्लाइडवर विश्वास ठेवते.

माध्यमाचा लॉटही कधीकधी खराब निघतो, तर तोही तपासता येतो. माहीत असलेला शिगेला सलाइनमध्ये 0.5 मॅकफारलँड इतका गढूळ करायचा, म्हणजे मिलिलिटरला साधारण 15 कोटी. त्याचं हजारपट पातळ करून 100 मायक्रोलिटर प्रत्येक स्वॅबवर सोडलं की स्वॅबवर 15,000 जंतू बसतात. एक स्वॅब ताबडतोब 1 मिलिलिटर सलाइनमध्ये झटकून धुवायचा आणि 10 मायक्रोलिटर प्लेटवर टाकायचे, म्हणजे वरच्या हिशेबाने 150 च्या आसपास, थोड्या कमीच, कॉलन्या येतात. उरलेले दोन बाटल्यांत, फ्रीजमध्ये 24 तास, मग तेच. दुसऱ्या दिवशीच्या कॉलन्या पहिल्याच्या एक दशांशाच्या खाली गेल्या तर मी तो लॉट वापरत नाही. हा माझा घरचा नियम आहे, पुस्तकातला नाही. अर्थात हे शुद्ध जंतूवरचं आहे, शौचातल्या गर्दीतली परीक्षा याहून कठीण. ती हवी असेल तर एकाच ताज्या रुग्णाच्या नमुन्याचे दोन भाग करा, एक डबीत खोलीत ठेवा, एक कॅरी-ब्लेअरमध्ये फ्रीजमध्ये, आणि 0, 2, 4, 6 तासांनी दोन्हींच्या प्लेटा लावा. आठ प्लेटा शेजारी मांडून ठेवल्या तर कोणत्याही नव्या मुलाला एकाच दिवसात हे कळतं.

गळ्याचा स्वॅब वेगळा का वागतो

हेच नियम गळ्याच्या स्वॅबला तसेच लावले तर पैसे आणि मेहनत वाया जाते. तिथे आपण मुख्यतः शोधतो ग्रुप ए स्ट्रेप्टोकॉकस, आणि हा जंतू वाळण्याला घाबरत नाही. कोरडा स्वॅबही काही तास तग धरतो. दूरच्या प्रवासात तो सिलिका जेलच्या पुडीत मुद्दाम वाळवून पाठवण्याची रीत आहे, डिप्थेरियासाठीही. त्याला धोका ओल आणि ऊब यांचा: ओल्या, गरम स्वॅबवर तोंडातले इतर जंतू वाढत जातात आणि दोन-चार बीटा-हीमोलिटिक कॉलन्या त्यांच्याखाली दबतात. म्हणून दोन तासांत प्लेटवर जात असेल तर कोरडा स्वॅब पुरे, नाहीतर एमीज माध्यम. टॉन्सिलवर दोन्ही बाजूंनी दाबून फिरवला नसेल, नुसता जिभेला लागून आला असेल, तर मात्र कोणतंही माध्यम वाचवत नाही. गळ्याच्या बाबतीत गफलत बहुतेक हातात असते, रस्त्यात कमी. आणि प्लेट मेंढीच्या रक्ताची असावी. ब्लड बँकेचं माणसाचं रक्त त्यात घातलं तर हीमोलिसिस नीट दिसत नाही.

रिपोर्टवर काय लिहायचं

माध्यमाशिवाय दोन तासांहून उशिरा आलेला स्टूल नमुना दिसला की आम्ही सेंटरला फोन करून दुसरा मागतो. पहिला लगेच फेकत नाही. दुसरा मिळण्यासारखा नसेल, म्हणजे रुग्ण गावी गेला किंवा औषध सुरू झालं, तर तोच लावतो. उशिराच्या नमुन्यातून शिगेला निघाला तर तो खराच असतो, उशिराने जंतू हवेतून जन्माला येत नाही. शंका फक्त नकारावर असते. म्हणून नकारावर लिहितो: "नमुना माध्यमाविना, गोळा केल्यापासून सुमारे 7 तासांनी मिळाला. शिगेला न उगवल्याने संसर्ग नाकारता येत नाही. शक्य असल्यास प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी नवा नमुना कॅरी-ब्लेअरमध्ये पाठवावा."

फॉर्मवर आता चार वेळांचे रकाने आहेत: शौच झाल्याची, माध्यमात टाकल्याची, लॅबला पोहोचल्याची, प्लेटवर घेतल्याची. चौथ्या रकान्यावर सुरुवातीला आमच्याच मुलींनी कुरकुर केली. आपल्याच उशिराची नोंद आपणच करायची, कोणाला आवडेल? त्या पहिल्या मुलाच्या फॉर्मची प्रत मी इन्क्युबेटरच्या शेजारी लावून ठेवली आहे, 2:10 आणि 4:00 या दोन वेळांभोवती लाल पेनने गोल करून.